सात माणसांची शिल्लक

परवा फोनवर तू विचारलंस, की बाबांच्या ऑफिसमध्ये माणसं कमी करताहेत तर कोणाला काढायचं हे ठरवतं कोण. मी म्हटलं, सावकाश सांगेन. तुझा धाकटा भाऊ मागून म्हणाला, आजीला गणित माहीत आहे. गणित मला माहीत आहे हे खरं. ते पुरत नाही हेही आता माहीत झालं आहे. म्हणून फोनवर न सांगता लिहिते आहे. मराठी सावकाश वाचा. अडलं तर बाबांना विचारा.

हिंगण्याच्या एमआयडीसीत कूलरचा एक कारखाना आहे. मी अर्थशास्त्रात एम.ए. केलं, इंग्रजी माध्यमातून, आणि कॉलेजात शिकवायचं स्वप्न बघत असताना या कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला लागले ती निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. निवृत्तीनंतरही मंगळवारी आणि शुक्रवारी जात असे. थोरले मालक वारले, त्यांचा मुलगा पुण्याहून एमबीए करून आला आणि म्हणाला, मॅडम, माणसांचं प्लॅनिंग तुमच्याकडेच राहू द्या. कामगार मला मागे 'आकडेवाल्या बाई' म्हणत. समोर मॅडम.

तुम्ही नागपूरचा उन्हाळा दोनदाच पाहिला आहे, तोही एसीत बसून. इथे होळी आली की घराघरांत कूलर खाली उतरतात, वाळ्याच्या ताट्या बदलतात, आणि ज्याचा पंखा जळाला असेल तो बाजाराकडे धावतो. सगळी विक्री तीन-चार महिन्यांत. उरलेलं वर्षभर कोणी कूलरचं नावही काढत नाही. म्हणजे मार्चमध्ये जितके हात लागतात तितके जुलैत लागत नाहीत, आणि पोट मात्र जुलैतही असतं. माझं सगळं काम या एका अडचणीभोवती होतं.

ते कसं करतात ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दिवाळीनंतर मी पुढच्या सहा महिन्यांचा, जानेवारी ते जूनचा, तक्ता मांडत असे. कोणत्या महिन्यात किती माल लागेल, त्यातला किती आधीच बनवून गोदामात ठेवता येईल, आणि उरलेल्यासाठी किती माणसांचं काम लागेल. मग माणसं. गेल्या महिन्याअखेर जितकी होती, त्यात नवी घेतलेली मिळवायची, कमी केलेली वजा करायची. जी राहिली ती या महिन्याची शिल्लक, आणि तीच पुढच्या महिन्याची सुरुवात. एका महिन्याचं शेपूट दुसऱ्या महिन्याच्या हातात असतं. मध्ये एक आकडा चुकला की पुढचे सगळे महिने चुकीच्या माणसांवर उभे राहतात.

त्या वर्षी सुरुवात चाळिसांवर होती. चाळीस पर्मनंट. जानेवारीत सहा घ्यायचे, फेब्रुवारीत दहा; छप्पन झाले. नवा माणूस पहिल्या महिन्यात निम्मंच काम देतो, पत्रा वाकडा कापतो, स्क्रू फिरवताना चाचपडतो, म्हणून मार्चची माणसं मार्चमध्ये घेऊन चालत नाही. आणि मार्च-एप्रिलमध्ये काम होतं त्रेसष्ट माणसांचं. सात कमी पडत होते. मालकांचं म्हणणं, सात आणखी घेऊ. ओव्हरटाइम दुप्पट दराने पडतो. मी म्हटलं, नको. सगळ्यांनी रोज आठ तासांवर तासभर जास्त थांबलं तर छप्पन माणसं त्रेसष्टांचं काम करतात. आज घेतलेले सात एप्रिलअखेर काढावे लागतील. घेतलेल्याला शिकवायचा खर्च, काढायचा खर्च, आणि काढताना बघावे लागणारे चेहरे. ओव्हरटाइम महाग आहे, पण तो कोणाला घरी पाठवत नाही.

त्यांनी ऐकलं. त्या सात जागा मी भरू दिल्या नाहीत, हे लक्षात ठेवा.

आता त्या चाळिसांतल्या चाळिसाव्याबद्दल. तो पंखे बसवत असे. काटोलकडच्या एका गावचा. सहा वर्षं सीझनला येई. जानेवारीत घ्यायचं, मेमध्ये 'ब्रेक' द्यायचा, पुन्हा जानेवारी. त्याने बसवलेला पंखा थरथरत नसे, त्याच्या बाकावरून परत आलेला कूलर मी तरी ऐकला नाही. पण सीझनचा माणूस म्हणजे भाड्याचा माणूस. गावात बायको, दोन मुली, तो इथे चौघांत मिळून एका खोलीत. नोव्हेंबरच्या तक्त्यात मंदीच्या महिन्यांसाठीही चाळिसांचं काम निघत होतं — पुढच्या वर्षीच्या टाक्या, बॉड्या, थोडे एक्झॉस्ट पंखे — आणि रोलवर होते एकोणचाळीस. मी मालकांना त्याचं नाव सुचवलं. ते हो म्हणाले. त्याला बोलावून मीच सांगितलं, की आता ब्रेक नाही.

 दुसऱ्या दिवशी त्याने डब्यातून संत्र्याच्या बर्फ्या आणल्या आणि फाटकावरच्या वॉचमनपासून सगळ्यांना वाटल्या. पत्र्याच्या खात्यातले त्याला म्हणाले, "आता तुले मोटरसायकलवर मागं बसायची गरज नाही गा, पर्मनंट माणूस सोताची घेऊन बसन पुढं." महिन्याभरात त्याने शहराच्या कडेला, बेसात, दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि बायको-मुलींना गावाहून आणलं. थोरलीला तिथल्या शाळेत घातलं. ती इंग्रजी शाळा आहे का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "हो तं. तुमच्यावानी बोलन ते."

कारखान्यात थोरल्या मालकांपासूनची एक पद्धत होती. कमी करायचा फक्त आकडा ऑफिस खाली पाठवी. नावं टाइमकीपर काढी. त्याच्याकडे यादी असे, आधी सीझनचे, मग पर्मनंट, आणि त्यातही जो शेवटी पर्मनंट झाला तो सगळ्यांत खाली. खालून मोजत यायचं. आकडा भरला की थांबायचं. थोरले मालक मुद्दाम नावं बघत नसत. म्हणत, नाव दिसलं की हात अडतो, आणि एकदा हात अडला की वशिला सुरू होतो. या पद्धतीचं मला कौतुक होतं. कोणाच्या मर्जीवर काही नाही, किती स्वच्छ, असं वाटे. आकडा वरून येतो, नावं खालून येतात. मधल्या जिन्यावर दोघांची गाठ पडत नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते तुम्हाला माहीत आहे; तुम्ही फोनवर मला काळ्या चष्म्यात पाहून हसला होता. डॉक्टरांनी वाचायला, लिहायला बंदी केली होती. मालक म्हणाले, मॅडम, एका महिन्याचा तर प्रश्न आहे, मी मांडतो.

मे सुरू झाला. एका संध्याकाळी मी डोळ्यांत थेंब घालून बसले होते आणि बेल वाजली. दारात तो होता. चष्म्यामुळे मला आधी ओळखू आला नाही. आत ये म्हटलं तरी तो चपला काढून पायरीपाशीच उभा राहिला. त्याला काढलं होतं. त्याच्यासोबत आणखी सहा पर्मनंट. महिन्याच्या नोटिशीऐवजी पगार हातात, कायद्याप्रमाणे जे काही निघेल ते, आणि उद्यापासून येऊ नये.

"मॅडम, तुमीच तं म्हटलं होतं का आता बिरेक नाही," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. मला वाटतं, त्याला खरंच विचारायचं होतं, की असं मी म्हटलं होतं ना, का त्यालाच तसं ऐकू आलं. मी म्हटलं, म्हटलं होतं. काहीतरी चुकलं आहे, मी बघते. बायकोला सांगितलं का, विचारलं. नव्हतं सांगितलं. सकाळी डबा घेऊन निघत होता आणि दिवसभर कुठेतरी बसून परत जात होता.

मला वाटलं, मालकांनी शब्द फिरवला. डॉक्टरांचं न ऐकता मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले. आधी टाइमकीपरकडे. हा माणूस माझ्याइतकाच जुना. त्याने पानाचा डबा बाजूला सरकवला आणि म्हणाला, "वरून तेवीसचा आकडा आला. सीझनचे सोळाच होते, ते संपले. मंग मी वर मोजत गेलो."

सोळाच्या वर गेल्यावर तुला काही वाटलं नाही का, असं मी विचारलं.

"वाटून काय करू, मॅडम? मी काहून बोलू? आजपावतर आकड्याले कोणी विचारलं का?"

हे खरं होतं. मीच कधी त्याला विचारू दिलं नसतं.

मालक केबिनमध्ये होते. मी तेवीस म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काही लपवल्याची खूण नव्हती. त्यांनी लॅपटॉपवरचा तक्ता माझ्यापुढे वळवला. मे महिन्याची सुरुवात त्रेसष्ट. लागतात चाळीस. कमी करायचे तेवीस. सगळं नीट, वजाबाकी बरोबर. मी अक्षरं मोठी करायला सांगितली आणि एप्रिलच्या ओळीवर बोट ठेवलं.

एप्रिलमध्ये काम झालं होतं त्रेसष्ट माणसांचं. माणसं होती छप्पन. वरचे सात म्हणजे त्या छप्पन जणांनी रोज संध्याकाळी थांबून दिलेला तास. मालकांनी कामाचा आकडा माणसांच्या शिल्लकेत धरला होता. त्यातून जी सात माणसं कधी कारखान्यात आलीच नव्हती, ती त्यांनी काढून टाकली. पण हवेतल्या माणसांना नोटीस देता येत नाही. टाइमकीपरने ती खऱ्या माणसांना दिली.

मी त्यांना एवढंच सांगितलं, की ओव्हरटाइमने तास वाढतात, डोकी वाढत नाहीत. तास महिना संपला की संपतात, ते पुढच्या महिन्यात जात नाहीत. मी हे अगदी शांतपणे सांगितलं, वर्गात शिकवावं तसं. त्यांनी एप्रिलची ओळ पुन्हा वाचली. मग कान लाल झाले. मुलगा वाईट नाही. म्हणाले, "मॅडम, माझी चूक आहे. मी सातही जणांना परत बोलावतो. सोमवारपर्यंत थांबा, बँकेशी एकदा बोलतो."

घरी येऊन मी त्याला फोन केला. सोमवारी कळेल म्हटलं. चूक हिशेबाची आहे, दुरुस्त होते, असंही म्हणाले. हे वाक्य मला नंतर फार जड गेलं. तो म्हणाला, मग घरी सांगत नाही अजून. मी म्हटलं, नको सांगू.

शनिवारी अवकाळी पाऊस आला. नागपुरात मेमध्ये एखादी सर नवी नाही. पण हा थांबेना. गारा पडल्या, वारं सुटलं, आंब्याच्या कैऱ्या अंगणभर झाल्या. रविवारी लोक गॅलरीत खुर्च्या टाकून बसले, भजी तळली, शेजारच्या काकू म्हणाल्या, किती छान झालं ना, गारवा आला. एरवी मीही तेच म्हटलं असतं. मी बंद कूलरकडे बघत बसले होते. आमच्या घरातला बंद, समोरच्या घरातला बंद, गल्लीत एकाचीही घरघर नाही.

सोमवारी इतवारी बाजारातल्या व्यापाऱ्यांनी माल थांबवा म्हणून सांगितलं. एका मोठ्या दुकानदाराने तर आधी नेलेलेच परत घ्या म्हणून टेम्पो पाठवला. मी पोचले तेव्हा टेम्पो फाटकात उभा होता, आणि उतरवायला माणसं पुरत नव्हती, कारण तेवीस जण नव्हते. गोदाम भरलं होतं. नवा माल चालायच्या वाटेवर रचला होता.

मालकांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. नंतर बराच वेळ ते दुसरंच बोलत होते, माझ्या डोळ्याबद्दल. मग म्हणाले, "मॅडम, चूक माझी होती, ती मी नाकारत नाही. पण आता तेहतीसही जास्त होताहेत. आज नव्याने मांडलं असतं तर हाच आकडा आला असता."

त्यासाठी मी तयार होऊन गेले होते. आदल्या रात्रीच नवा तक्ता केला होता. चाळीसही ठेवायचे, ओव्हरटाइम पूर्ण बंद, सगळ्यांनी आठवड्यात एक दिवस कमी यायचं. पगार सगळ्यांचा थोडा थोडा कमी, पण नोकरी कोणाची जात नाही. पर्मनंटना विचारलं तर ते कबूल होतील, असं मला वाटत होतं. शिवाय पुढच्या सीझनला छप्पन लागणारच. तेहतिसांवरून सुरुवात केली तर सोळाऐवजी तेवीस नवे घ्यावे लागतील. तेवीस जणांचा निम्म्या कामाचा महिना, त्यांनी वाया घालवलेला पत्रा. आज वाचवलेलं तेव्हा जाईल. हे सगळं मी सांगितलं. आकडे बरोबर होते, आजही माझ्याकडे आहेत.

त्यांनी माझा तक्ता ओळीओळीने वाचला. शेवटी म्हणाले, "तुमचं गणित बरोबर आहे मॅडम. नोव्हेंबरपर्यंत पोचलो तर."

 बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. मालकांनी तक्ता माझ्याकडे सरकवला आणि हळूच विचारलं, की मेची सुरुवात दुरुस्त करायची आहे, ती मी करून देईन का. मी केली. त्रेसष्ट खोडून छप्पन, कमी केले तेवीस, शिल्लक तेहतीस. आता तक्त्यात चूक उरली नव्हती. एप्रिलची माणसं मेच्या माणसांशी जुळत होती, मेची जूनशी. सगळे महिने एकमेकांचा हात धरून नीट उभे होते आणि सात माणसं बाहेर होती. ज्या सात जागा मी नोव्हेंबरात भरू दिल्या नव्हत्या, कोणाला काढावं लागू नये म्हणून, तितकीच. असं का व्हावं याचा मी खूप विचार केला आहे. त्यात काही अर्थ सापडत नाही. नुसता आकडा सारखा आहे.

त्याला फोनवर सांगणं मला जमेना. मी रिक्षा करून बेसात गेले. नव्या इमारतींच्या मागे अर्धवट रस्ता, विटांचे ढीग, त्यापलीकडे त्याच्या दोन खोल्या. तो घरी नव्हता. डबा घेऊन 'कामावर' गेला होता. बायकोने मला आत बसवलं. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "कोण आलं वं?" आणि बायको अभिमानाने म्हणाली, "यायच्या कंपनीतल्या मॅडम हायेत." भिंतीवर शाळेचा गणवेश इस्त्री करून टांगला होता, जूनची वाट बघत. तिने मला सरबत दिलं आणि विचारलं, की मुलीच्या बुटांसाठी कोणतं दुकान बरं. तिला वाटलं, मी सहज आले आहे. काही सांगायचा अधिकार मला नव्हता, आणि गप्प बसायचाही नव्हता. मी दुकान सांगितलं. सीताबर्डीतलं, तुमच्या बाबांचे बूट आम्ही जिथून घ्यायचो ते. मग निघाले.

कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर तो बसलेला दिसला. डबा शेजारी. मी रिक्षा थांबवली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. तरी मी सगळं सांगितलं, छप्पन, त्रेसष्ट, पाऊस. त्याने ऐकून घेतलं. मग त्याने एकच विचारलं.

"म्हणजे मी चुकीनंच गेलो?"

मी म्हटलं, हो, आधी चुकीने. आणि आता, त्याने विचारलं.

"आता पावसाने," मी म्हटलं.

तो हसला. ते हसू मला नको होतं. "मंग चुकीनंच बरं होतं," तो म्हणाला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा त्यांनी खोल्या सोडल्या होत्या. बायको-मुली गावी. तो वर्धा रोडवरच्या एका गोदामात हमाली करतो असं टाइमकीपरने सांगितलं. बाकीच्या सहांपैकी चौघे कंत्राटदारातर्फे आमच्याच कारखान्यात परत आले, जुन्याच बाकांवर, निम्म्या पगारात. ते कंत्राटदाराचे, म्हणून आमच्या शिल्लकेत धरायचे नसतात. मी धरले नाहीत. तक्ता तेहतीसच दाखवत होता आणि मोजलं तर सदतीस माणसं काम करत होती. थोरल्या मालकांच्या वेळी असा तक्ता मी खोटा म्हटला असता.

दिवाळीनंतर पुन्हा सहा महिने मांडायचे आले. सुरुवात तेहतीस. घ्यायचे तेवीस, मी मेमध्ये सांगितलं होतं तेच. मालक म्हणाले, जुन्यांना आधी विचारा. मी त्याला फोन लावला. मागून ट्रकचा आवाज येत होता. मी जानेवारीचं सांगितलं. त्याने विचारलं, सीझनचं का? मी हो म्हटलं.

"मंग मले नका सांगू मॅडम," तो म्हणाला. "पोरीले परत सांगा लागते, शाळा सोड म्हणून."

त्याच्या जागी पारशिवनीकडचा एक मुलगा आला, आयटीआय झालेला, नवा शर्ट घातलेला. पंखे बसवायला दिला. पहिल्या आठवड्यात त्याने बसवलेले सगळे पंखे थरथरत होते, शिकेल. शुक्रवारी तो जिना चढून माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, घरचे गावी आहेत, इथे खोली बघू का. मी तक्ता उघडून बसले होते. मेच्या रकान्यात वजा लिहायची जागा अजून कोरी होती.

मी त्याला म्हटलं, सध्या मित्रांबरोबर राहा.

तो मान हलवून खाली गेला. त्यानंतर मी मंगळवार-शुक्रवारचं जाणं बंद केलं. डोळ्यांमुळे, असं घरात सांगितलं आहे.